घसरणीच्या दिवशीच ‘बंद’ दाखवणारा फिल्टर: पैसे भरण्यापूर्वी हे तपासा

मला विकलेल्या ट्रेडिंग स्ट्रॅटेजीचं मुख्य आकर्षण होतं तिचा ‘मार्केट रेजीम फिल्टर’. नियम साधा होता. निर्देशांक 200 दिवसांच्या सरासरीच्या वर असेल आणि 20 दिवसांची व्होलॅटिलिटी वार्षिक 16 टक्क्यांच्या खाली असेल, तरच स्ट्रॅटेजी चालू; नाहीतर बंद. बॅकटेस्टच्या आलेखात मोठ्या घसरणी जवळपास नव्हत्याच. त्या आलेखासाठीच मी पैसे मोजले.

संशय आला तो एका घसरणीनंतर. सकाळच्या मेसेजमध्ये ‘चालू’ होतं. मग महिनाअखेरीच्या तक्त्यात त्याच तारखेसमोर ‘बंद’ आणि परतावा शून्य कसा? विचारल्यावर ‘डेटा दुरुस्त केला’ एवढंच उत्तर आलं.

दुरुस्ती कसली, ही सरळ लबाडी होती. समजा, निर्देशांक काल 1000 वर बंद झाला, सरासरी 990 आहे आणि व्होलॅटिलिटी 13 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे आज सकाळी फिल्टर चालू. दिवसभरात निर्देशांक साडेतीन टक्के पडून 965 वर बंद होतो. या एका दिवसामुळे भाव सरासरीखाली जातो आणि व्होलॅटिलिटीही 17 च्या पुढे सरकते. फिल्टर बंद होतो, पण बाजार मिटल्यावर. तोटा आधीच खात्यात बसलेला असतो. विक्रेत्याने संध्याकाळी ठरलेली ही स्थिती त्याच दिवसाच्या परताव्याला लावली होती. त्यामुळे फिल्टरला बंद पाडणारे वाईट दिवसच हिशेबातून गळत होते.

कोडमध्ये फरक एवढाच असतो:

```
state = ((close > ma200) & (vol20 < 16)).astype(int)
net = state * ret            # फसवा
net = state.shift(1) * ret   # खरा
```

`ret` म्हणजे स्ट्रॅटेजीचा रोजचा परतावा. ‘खरा’ लिहिलेल्या ओळीत कालची स्थिती आज वापरली जाते. तुम्ही दुसऱ्या दिवशी बाजार उघडल्यावर सौदा करत असाल, तर रात्रीत पडणारा फरकही हिशेबात धरावा लागतो, तो वेगळाच. मी नियमांवरून स्वतः चाचणी केली तेव्हा ‘फसवा’ लिहिलेल्या ओळीने त्यांचा आलेख जसाच्या तसा उमटला. ‘खरा’ लिहिलेली ओळ लावताच त्या नाहीशा झालेल्या घसरणी परत आल्या.

फिल्टर अगदीच निरुपयोगी ठरला असं नाही. आठवडेच्या आठवडे रेंगाळणाऱ्या मंदीत त्याने प्रामाणिक चाचणीतही नुकसान कमी केलं. पण एका झटक्यात पडून लगेच उसळणाऱ्या बाजारात तो तोटा पदरात पाडतो आणि व्होलॅटिलिटी चढलेली राहिल्याने उसळीच्या वेळी बंद असतो. विक्रेत्याच्या आलेखात हे कुठेच दिसत नव्हतं.

असं काही विकत घेणार असाल तर आधी रोजची स्थिती बाजार उघडण्यापूर्वी मागवा, तारखेसह जपून ठेवा आणि महिन्याने त्यांच्या तक्त्याशी ताडून पाहा. एका तारखेचीही स्थिती मागाहून बदललेली दिसली, तर पैसे देऊ नका. माझे पैसे अजून परत मिळालेले नाहीत.