७५ प्रश्नांची उत्तरसूची: चौकट, पट्टी की भोकांचा पुठ्ठा?

शिष्यवृत्तीचे सराव पेपर सुरू झाले की आपल्याकडच्या द्विशिक्षकी शाळांत एकच अडचण असते. पेपर केंद्रातल्या चार शाळांचे एकत्र येतात, तपासायला माणूस एकच, आणि निकाल दोन दिवसांत हवा. अशा वेळी हाताशी लागते ती फक्त प्रश्न क्रमांक आणि अंतिम उत्तर एवढंच देणारी एका पानाची सूची. ती तीन तऱ्हांनी करता येते. कुठली करावी हे ठरवणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. उदाहरण पहिल्या पेपरचं घेतो: प्रथम भाषेचे २५ आणि गणिताचे ५० असे ७५ प्रश्न, प्रत्येकी २ गुण.

पहिली तऱ्हा दहा-दहाच्या चौकटीची. एका ओळीत दहा प्रश्न, सात ओळी भरलेल्या आणि आठवी अर्धी. पान सुटसुटीत दिसतं, व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला तरी वाचता येतं. (टाईप करून मेसेजमध्ये पाठवू नका. फोनवर ओळी मोडतात आणि रकाने विस्कटतात.) पण या चौकटीत नुसता पर्याय क्रमांक न लिहिता उत्तरही लिहायला हवं, असं माझं ठाम मत आहे. का, ते एका प्रश्नावरून पाहू.

समजा ४१वा प्रश्न असा आहे: पाच डझनाच्या पेटीतले १५ टक्के आंबे खराब निघाले; उरलेले डझनाला ६०० रुपये दराने विकले, तर किती रुपये आले? साठातले नऊ गेले, एक्कावन्न उरले, म्हणजे सव्वाचार डझन, म्हणजे २५५० रुपये. पर्याय आहेत (१) २५०० (२) २५५० (३) २६५० (४) ३०००. सूचीत नुसतं ‘४१ – २’ लिहिलं आणि नंतर छपाईच्या वेळी कुणी पर्यायांचा क्रम बदलला, तर ती चूक सूचीकडे बघून कधीच कळणार नाही. ‘४१ (२) २५५०’ लिहिलं असेल तर प्रश्नपत्रिका शेजारी धरताच विसंगती दिसते. मुलाने विचारलं, ‘गुरुजी, माझं कसं चुकलं?’ तरी उत्तर तिथेच असतं. भाषेच्या प्रश्नांना उत्तराचा एखादा शब्द पुरतो.

या भरगच्च चौकटीचा तोटा मात्र तपासताना जाणवतो. मुलाच्या उत्तरपत्रिकेवरचे प्रश्न उभ्या रकान्यांत असतात आणि आपली चौकट आडवी वाचायची असते. नजर एकदा खाली, एकदा आडवी फिरते, आणि विसाव्या पेपरनंतर ओळ चुकते.

म्हणून दुसरी तऱ्हा: उभी पट्टी. उत्तरपत्रिकेवर पंचवीस-पंचवीसचे तीन रकाने असतील तर तेवढ्याच पट्ट्या करायच्या, आणि दोन ओळींतलं अंतर मोजपट्टीने उत्तरपत्रिकेइतकंच ठेवायचं. यात फक्त पर्याय क्रमांक लिहायचा, मोठ्या आकड्यात. दर पाच प्रश्नांनंतर जाड रेघ. पट्टी रकान्याला लावून ठेवली की उत्तराशेजारी उत्तर येतं आणि नजर सरळ खाली जाते. हाताने लिहित असाल तर १ आणि ९ चा घोळ इथे होत नाही, कारण पर्याय चारच. पण घाईत काढलेला २ आणि ३ एकमेकांसारखे दिसतात, तेवढं जपा. तीस-चाळीस पेपर एकट्याने तपासायचे असतील तर माझी पसंती पट्टीलाच आहे.

तिसरी तऱ्हा भोकांच्या पुठ्ठ्याची. कोऱ्या उत्तरपत्रिकेवर बरोबर गोलांच्या जागी भोकं पाडायची, ती मुलाच्या कागदावर ठेवायची आणि काळी दिसणारी भोकं मोजायची. शंभराच्या वर पेपर असतील तर याहून वेगवान काही नाही. पण अटी आहेत. ऑफिसातला साधा पंच कागदाच्या मधोमध पोचत नाही, चामड्याला भोक पाडायचा पंच आणि हातोडी लागते. पुठ्ठा उत्तरपत्रिकांच्या त्याच झेरॉक्सवरून करावा लागतो, कारण वेगळ्या मशीनवर प्रत किंचित लहान-मोठी निघते आणि वरची भोकं जुळली तरी खालची सरकतात. त्यात आपली हवा. पावसाळ्यात, विशेषतः खाडीकाठच्या शाळांत, कागद दमट होऊन फुगतो आणि पुठ्ठा वाकतो. तिथे पारदर्शक प्लॅस्टिकवर मार्करने गोल काढणं बरं. आणि सर्वांत मोठा धोका: मुलाने एकाच प्रश्नाचे दोन गोल रंगवले असतील तर पुठ्ठ्याखाली चुकीचा गोल झाकला जातो आणि बरोबर तेवढा दिसतो. त्यामुळे पुठ्ठा ठेवण्याआधी प्रत्येक कागदावरून नजर फिरवून दुहेरी खुणा लाल शाईने खोडाव्याच लागतात.

आठवीच्या पेपरला पुठ्ठा मी वापरत नाही. तिथे काही प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असतात आणि दोन्ही नोंदवले तरच गुण मिळतात. भोकं मोजताना असा प्रश्न अर्धा बरोबर असला तरी मोजणीत येतो. पट्टीत तो ‘१+४’ असा लिहावा. स्वल्पविराम नको, ‘१, ४’ वाचून कुणी दोन्हींपैकी काहीही चालतं असं समजेल.

तऱ्हा कुठलीही निवडा, मूळ प्रत उत्तरांसह असलेली चौकटच ठेवा आणि पट्टी किंवा पुठ्ठा तिच्यावरूनच उतरवा. खरी चूक या उतरवण्यात होते: एक उत्तर सुटतं आणि पुढची सगळी एक घर वर सरकतात. त्यावर सोपा उपाय म्हणजे चौकटीच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी पर्याय क्रमांकांची बेरीज लिहिणं. ३१ ते ४० ची उत्तरं ३, १, ४, २, २, १, ३, ४, १, २ असतील तर बेरीज २३. पट्टीवर उतरवताना ३३व्याचा ४ सुटला, तर ४१व्याचा २ वर येतो आणि त्याच दहा घरांची बेरीज २१ भरते. सरकलेला आकडा योगायोगाने तोच असला तर बेरीज जुळेल, पण मग शेवटचं ७५वं घर रिकामं राहील. दोन शेजारची उत्तरं अदलाबदल झाली तर मात्र बेरजेत कळत नाही. त्यासाठी बाईंनी मूळ प्रतीवरून पाच-पाच उत्तरं मोठ्याने वाचावीत आणि आपण पट्टीवर बोट फिरवावं.

मग पहिले तीन पेपर वर्गातल्या हुशार मुलांचे घ्या. तिघांचंही ३२पर्यंत बरोबर आणि पुढे तीन-चारातलं एखादंच बरोबर येत असेल तर मुलं चुकलेली नाहीत, पट्टी सरकली आहे. आणि तिघांनीही एकाच प्रश्नाला सूचीहून वेगळा पण एकसारखा पर्याय दिला असेल तर तो प्रश्न पुन्हा सोडवा.

दहावीच्या बीजगणिताला यातलं फारसं काही कामाचं नाही. पहिल्या प्रश्नातल्या एकेक गुणाच्या आठ उपप्रश्नांपुरती ही सूची चालेल. पुढे पायऱ्यांना गुण असतात, तिथे अंतिम उत्तराशेजारी गुणविभागणी लिहिलेली वेगळी पानंच हवीत.

तपासणी सुरू झाल्यावर एखादं उत्तर बदलावं लागलं, तर आधी मूळ चौकटीत तारीख घालून दुरुस्ती करा, त्या ओळीची बेरीज बदला, आणि मगच पट्टी. पट्टीच्या प्रती दुसऱ्या शाळांत गेल्या असतील तर ‘४१ दुरुस्त’ एवढं कळवून भागत नाही. जुनी पट्टी फाडायला सांगून नवीन पट्टीचा फोटो पाठवा, आणि तोवर तपासून झालेल्या पेपरांतला तो एकच प्रश्न पुन्हा बघा.