रोज चार वाजता ‘आजचा नफा’ कळत होता, तोटा मात्र 23 दिवसांनी कळला

घरच्यांना अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही, म्हणून इथे आधी तोच लिहितो: 1,23,130 रुपये. मी फोंड्याचा. 28 वर्षं एका सहकारी संस्थेत खाती लिहिली, दुसऱ्यांच्या रोजकिर्दीत चुका काढल्या. माझ्यासारख्याला फसवलं म्हणजे माणूस हुशार होता, असं मी स्वतःला समजावतो. बायकोला ते पटत नाही.

शेअर बाजारात ऑप्शनचे सौदे करून देतो म्हणणाऱ्या एकाच्या नादी लागलो. योजना तुम्हाला माहीत असेलच. ‘पैसे तुमच्याच डीमॅटमध्ये राहतील काका, मी फक्त ऑर्डर टाकणार, बुक झालेल्या नफ्यातले 25 टक्के माझे.’ निवृत्तीचे 12 लाख खात्यात टाकले. पैसे माझ्या नावावरच राहणार होते, मग भीती कसली? दर सकाळी ओटीपी मात्र मीच त्याला सांगत होतो.

तो निफ्टीच्या मासिक मुदतीचे दोन ऑप्शन विकायचा: एक कॉल, जो बाजार वर गेला की महागतो, आणि एक पुट, जो बाजार खाली गेला की महागतो. नंतर स्वस्तात परत घेतला तर नफा. एका ऑप्शनचा लॉट, म्हणजे एका सौद्यातले नग, तेव्हा 75 चा होता. दुपारी चारला मेसेज यायचा आणि सोबत शीट. पहिल्याच आठवड्यातला एक दिवस मी नंतर कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे ब्रोकरची त्या दिवसाच्या सौद्यांची पावती, समोर ठेवून उलगडला. पुट 130 ला विकला, 96 ला परत घेतला: 34 गुणिले 75, म्हणजे 2,550 रुपये नफा. कॉल 140 ला विकला होता, बाजार वर गेला आणि तो 188 वर बंद झाला. तो त्याने घेतलाच नाही. म्हणजे 48 गुणिले 75, 3,600 रुपये तोटा उघडा ठेवून दिला. मेसेज काय आला? ‘आजचा नफा ₹2,550’.

शुल्क तर त्याच्या हिशेबात कुठेच नव्हतं. तीन ऑर्डरींची दलाली 60 रुपये. विकलेल्या ऑप्शनच्या किमतीवर, म्हणजे प्रीमियमवर, एसटीटी हा सौद्यावरचा कर तेव्हा 0.1 टक्का होता (1 ऑक्टोबर 2024 पासून हा दर झाला होता, त्याआधी 0.0625), ते 20 रुपये. एक्सचेंजचं शुल्क, त्यावर आणि दलालीवर 18 टक्के जीएसटी. एकूण 102 रुपये. त्या दिवसाची खरी ओळ अशी हवी होती. रिअलाइज्ड म्हणजे बंद झालेल्या सौद्यांचा नफा-तोटा, अनरिअलाइज्ड म्हणजे उघड्या सौद्यांचा, मग शुल्क आणि शेवटी निव्वळ:

```
strategy,realised,d_unrealised,fees,net
daily,2550,-3600,102,-1152
```

1,152 रुपयांचा तोटा झाला त्या दिवशी, आणि मी बायकोला सांगितलं की चवथीच्या खर्चाची सोय झाली.

यातली खरी लबाडी दुसऱ्या दिवशी व्हायची. तोट्यातला तो कॉल ‘दैनिक’ या स्ट्रॅटेजीतून उचलून ‘हेज’ नावाच्या दुसऱ्या पानावर जायचा, आणि त्या पानाची बेरीज मेसेजमध्ये येत नसे. हेज म्हणजे तोट्यापासून संरक्षण; नुसता विकून ठेवलेला कॉल हेज कसा होईल? बाजार वर गेला की त्याचा तोटा वाढतच जातो. ज्या स्ट्रॅटेजीच्या नावाने ऑर्डर गेली, ती बंद होईपर्यंत त्याच नावाखाली राहिली पाहिजे. मधेच नाव बदललं की नफा एका घरात आणि तोटा दुसऱ्या घरात जातो, आणि दाखवायला नफ्याचं घर तेवढं उरतं.

आता मला रात्री अडीचला जाग आणणारा दिवस. सतरावा दिवस. मी स्वतः ॲप उघडलं होतं. लेजरमध्ये, म्हणजे खात्याच्या रोख शिल्लकेत, जवळजवळ 12 लाख 78 हजार! वर पोझिशनच्या पानावर चार लाल ओळी. मी फोन केला. ‘कित्याक भियेतात काका? तो कागदी तोटा आहे. लेजर बघा ना, वाढलंय की नाही?’ आणि वाढलंच होतं. म्हणून मी गप्प बसलो. अरे, ऑप्शन विकला की प्रीमियम खात्यात जमा होतो! 140 ने चार कॉल, 75 चा लॉट, म्हणजे 42,000 रुपये मी परत फेडायचे असलेले पैसे होते आणि मी ते शिल्लक म्हणून वाचले. जन्मभर देणेकऱ्यांची बाजू आधी बघणारा माणूस मी. लेजर वर आणि पोझिशन लाल, हे एकत्र दिसलं की तिथेच थांबा. लेजरमधून उघडे ऑप्शन आजच्या भावाने परत घ्यायचा खर्च वजा करा, तीच तुमची किंमत.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी मार्जिन, म्हणजे उघड्या सौद्यांमागचं तारण, कमी पडल्याचा ब्रोकरचा संदेश आला. तेव्हा पाच कॉल उघडे होते, सरासरी 560 वर. मीच बंद केले, हात थरथरत होते. विकले होते 140 ने, म्हणजे फरक 420; पाच लॉटचे 375 नग; 420 गुणिले 375, तोटा 1,57,500. 23 दिवसांत त्याच्या शीटवरचा ‘नफा’ 52,400. त्यावर 25 टक्क्यांनी 13,100 मी यूपीआयने, दर शनिवारी, स्वखुशीने दिले. शुल्क 4,930. बेरीज-वजाबाकी तुम्हीच करा, उत्तर वर लिहिलंय. त्याही दिवशी चारला मेसेज आला: ‘आजचा नफा ₹1,875’.

असा रोजच्या ओळींचा लॉग मागताना एक बारकावा लक्षात ठेवा, कारण अर्धवट शहाणा माणूस इथे पुन्हा फसतो. अनरिअलाइज्डच्या रकान्यात आजचा एकूण तोटा नको, कालपासूनचा फरक हवा. त्या पहिल्या कॉलसारखाच एक कॉल धरा: काल उणे 3,600, आज 208 वर गेला म्हणजे उणे 5,100, तर आजची नोंद उणे 1,500. उद्या तो 200 ला बंद केला, तर रिअलाइज्ड उणे 4,500, पण अनरिअलाइज्डमध्ये अधिक 5,100 परत येतात, म्हणजे शुल्क वजा करण्याआधी त्या दिवशीचं निव्वळ अधिक 600. हे न करता रोजचा पूर्ण तोटा लिहिला, तर तोच तोटा अनेकदा मोजला जातो, आणि समोरचा म्हणतो, ‘बघा काका, तुमचंच शीट चुकीचं.’ सगळ्या स्ट्रॅटेज्यांच्या निव्वळ ओळींची बेरीज खात्याच्या किमतीतल्या फरकाशी (तुम्ही टाकलेले-काढलेले पैसे सोडून) रुपयापर्यंत जुळली पाहिजे. जुळत नसेल तर एखादं पान लपवलेलं आहे.

आणि कॉन्ट्रॅक्ट नोट! रोज ईमेलवर येत होती. मी पासवर्ड टाकायचा कंटाळा केला.

आता तक्रारीचं. ब्रोकरकडे गेलो: ‘लॉगिन तुम्ही दिलंत, ऑर्डर तुमच्याच खात्यातून गेल्या.’ पोलीस ठाण्यात गेलो: ‘पैसे तुमच्याच खात्यात होते ना? मग चोरी कुठे झाली?’ मी रिअलाइज्ड-अनरिअलाइज्ड समजावायला लागलो, तर साहेबांनी चहा मागवला, स्वतःसाठी. त्यांनी सायबरवाल्यांकडे धाडलं. तिथे विचारलं, ओटीपी कोणी सांगितला? मी म्हटलं, मीच. ‘मग झालं तर.’ पुन्हा पहिल्या ठाण्यात. या खेपेला हा दिवाणी मामला ठरला. ऑनलाइन तक्रार केली, तर उत्तर आलं की हा इसम नोंदणीकृत नाही, म्हणून तक्रार बंद. नोंदणी नाही हीच तर माझी तक्रार होती! नोंदणी असलेल्याने फसवलं असतं तर ऐकून घेतलं असतं का? 23 दिवसांची शीटं, नोटा आणि माझा जुळवलेला हिशेब, 61 पानं झेरॉक्स करून दिली. त्यांना त्यातला एकच आकडा समजला, यूपीआयचे 13,100. बाकीच्या 1,10,030 ना ‘बाजारातला तोटा’ म्हणून बाजूला ठेवलं.

तिसऱ्या खेपेला एक तरुण हवालदार मागोमाग पायऱ्यांपर्यंत आला. वाटलं, हा तरी काही मदत करेल. हळूच म्हणाला, ‘काका, पण दिवसाला दोन हजार खरंच येत होते?’

अर्जाची पोच अजून दिलेली नाही.