बंद करताच सगळे पुसणारे फायरफॉक्स: सेवा केंद्रातील काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

परभणी जिल्ह्यातील सेलू येथे मी ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे केंद्र चालवतो. शिष्यवृत्तीचे अर्ज, पीक विमा, सातबारा, परीक्षांचे फॉर्म अशी कामे एकाच संगणकावर दिवसभर चालतात आणि त्यासाठी प्रत्येक जण स्वतःच्या खात्यात प्रवेश करतो. माझा स्वतःचा मेल आणि व्हॉट्सअॅप वेबही त्याच संगणकावर लागते, कारण लोक कागदपत्रे त्यावरच पाठवतात. एकदा एका विद्यार्थिनीने शिष्यवृत्तीचे पान उघडल्यावर कोपऱ्याकडे बोट दाखवून विचारले, "काका, हे नाव माझं नाही, चालतं का?" आधीच्या मुलाने बाहेर न पडताच टॅब बंद केली होती आणि त्याचा प्रवेश लक्षात ठेवणारी कुकी शिल्लक राहिल्यामुळे त्याचेच खाते उघडले होते. तेव्हापासून फायरफॉक्स बंद करताच सर्व काही पुसले जाईल आणि माझी मोजकी खाती मात्र चालू राहतील, अशी व्यवस्था मी वापरत आहे.

मांडणी अवघड नाही. सेटिंग्जमधील `Privacy & Security` या भागात कुकी आणि साइट डेटा फायरफॉक्स बंद होताना पुसण्याची चौकट आहे, तिच्यावर खूण करावी. त्याखाली इतिहासाच्या भागात `Use custom settings for history` निवडून `Clear history when Firefox closes` यावर खूण केली की शेजारच्या बटणातून काय काय पुसायचे ते ठरवता येते. मी इतिहास, कुकी, तात्पुरत्या फाइल्स आणि फॉर्ममध्ये भरलेली माहिती या चारही गोष्टी निवडल्या आहेत. फॉर्मची माहिती विसरू नये, कारण ती राहिली तर पुढच्या माणसाने नावाच्या रकान्यात एक अक्षर टाकताच मागच्या दहा जणांची नावे खाली उलगडतात. साइट सेटिंग्जची खूण मात्र मी मुद्दाम रिकामी ठेवली आहे. ज्यांचा डेटा पुसायचा नाही अशा साइटना आपण दिलेल्या सवलतींची यादी याच सेटिंग्जमध्ये साठवलेली असते आणि तिथे खूण केली तर पहिल्याच बंद करण्यात यादीसुद्धा पुसली जाते. दुसऱ्या दिवशी सगळीकडून बाहेर पडलेले दिसले आणि यादीही रिकामी असली, तर कारण बहुधा हेच असते.

सवलतीची यादी `Manage Exceptions…` या बटणामागे आहे. तिथे पत्ता लिहून `Allow` दाबायचे. शेजारचे `Allow for Session` दाबले तर त्या साइटची कुकी फायरफॉक्स बंद होईपर्यंतच टिकते, म्हणजे आपल्या कामासाठी त्याचा उपयोग नाही. व्हॉट्सअॅप वेबसाठी `https://web.whatsapp.com` एवढी एक नोंद पुरली. त्याची नोंदणी कुकीत नसून साइटच्या स्थानिक साठ्यात असते, पण ही सवलत कुकी आणि साइट डेटा या दोन्हींना लागू होत असल्याने पुन्हा पुन्हा क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही.

मेलच्या बाबतीत थोडा विचार करावा लागला. जीमेल दिसते `mail.google.com` वर, पण प्रवेशाचे काम `accounts.google.com` वर होते, आणि सवलत मूळ नावाकडून खालच्या उपनावांकडे जाते, एका उपनावाकडून दुसऱ्याकडे जात नाही. म्हणून फक्त मेलचा पत्ता न देता `https://google.com` अशी नोंद केली, तर दोन्ही तिच्या छत्राखाली येतात. याची किंमत अशी की गूगलवरचा शोधही माझ्या खात्याच्या नावावर होऊ लागतो. शिवाय या एका नोंदीतून जी अडचण उभी राहते, ती मला या संपूर्ण विषयात सर्वांत महत्त्वाची वाटते.

सवलत साइटला मिळते, माणसाला नाही. एखादा शेतकरी विम्याची पावती मेलवर आली आहे म्हणून माझ्याच खिडकीत दुसरे खाते जोडून स्वतःचा मेल उघडतो, तेव्हा त्याच्याही प्रवेशाची कुकी `google.com` च्या नावाने साठते, आणि यादीत ते नाव असल्याने फायरफॉक्स बंद केल्यावरही ती राहते. इतर शंभर साइट पुसल्या गेल्या, तरी नेमका त्या माणसाचा मेल माझ्या संगणकावर उघडा राहतो. म्हणून यादीत नाव घालण्यापूर्वी मी एकच गोष्ट पाहतो: या संगणकावर त्या साइटवर माझ्याखेरीज आणखी कोणी प्रवेश करते का? शिष्यवृत्तीची किंवा विम्याची साइट त्यामुळे यादीत कधीच जात नाही, मग तिथे मला दिवसातून कितीही वेळा जावे लागो. गूगलला पर्याय नसल्याने ग्राहकाचा मेल मी `Ctrl+Shift+P` दाबून उघडलेल्या खासगी खिडकीतच उघडू देतो. मात्र सर्व खासगी खिडक्या मिळून एकच सत्र असते, त्यामुळे एक जरी मागे उघडी राहिली तरी बाकीच्या बंद करून काही पुसले जात नाही.

दुसरी मर्यादा वेळेची आहे. ही सफाई फायरफॉक्स बंद होतानाच होते, आणि केंद्रात ते सकाळी उघडले की संध्याकाळपर्यंत उघडेच असते. दोन ग्राहकांच्या मध्ये टॅब बंद केल्याने कुकी जात नाही. गर्दीत `Ctrl+Shift+Delete` दाबण्याचा मोह होतो, परंतु ती हाताने केलेली सफाई सवलतीची यादी पाहत नाही, त्यामुळे माझा मेल आणि व्हॉट्सअॅपही त्यात जातात. त्यापेक्षा पत्त्याच्या पट्टीतील कुलपाच्या चिन्हावर क्लिक करून फक्त त्या साइटची कुकी आणि डेटा पुसणे सोयीचे पडते. त्याआधी ग्राहकाला साइटवरून रीतसर लॉगआउट करायला लावतो, कारण कुकी पुसल्याने आपल्याकडची चावी नष्ट होते, पण सर्व्हरवरचे सत्र त्याची मुदत संपेपर्यंत चालूच राहू शकते.

आमच्याकडे लाईट अचानक जाते आणि बॅटरी प्रत्येक वेळी साथ देतेच असे नाही. अशा वेळी बंद होतानाची सफाई घडत नाही, कुकी डिस्कवर तशाच राहतात. फायरफॉक्स राहिलेले काम पुढच्या वेळी सुरू होताना पूर्ण करते, म्हणून लाईट आल्यावर ग्राहकाला बसवण्यापूर्वी मी ते एकदा उघडून व्यवस्थित बंद करतो आणि पुन्हा उघडतो.

खात्री करण्यासाठी `Manage Data…` उघडावे. तिथे ज्या साइटनी काही साठवले आहे त्यांची नावे आणि कुकींची संख्या दिसते. सर्व खिडक्या बंद करून पुन्हा उघडल्यावर त्या यादीत फक्त सवलतीची नावे आणि फार तर मुखपृष्ठ म्हणून ठेवलेली साइट एवढेच उरले पाहिजे.

क्रोममध्येही खिडक्या बंद होताना साइटचा डेटा पुसण्याची आणि काही साइटना वगळण्याची सोय आहे, पण तिथे पाहिलेल्या पानांचा इतिहास बंद करताना आपोआप पुसला जात नाही, म्हणून केंद्रासाठी मी फायरफॉक्सच ठेवले. त्याच्या बदल्यात आदल्या दिवशीच्या टॅब सकाळी परत मिळत नाहीत, ही गैरसोय मी मान्य केली आहे. साठवलेले पासवर्ड या सफाईत जात नाहीत, त्यामुळे पासवर्ड साठवण्याची विचारणा मी स्वतंत्रपणे बंद केली. डाउनलोडच्या यादीतून नाव गेले, तरी आधार कार्डाची किंवा बँक पासबुकाची उतरवलेली पीडीएफ फोल्डरमध्ये जशीच्या तशी असते, ती रोज संध्याकाळी शटर ओढण्यापूर्वी हातानेच काढावी लागते.