कपाटाला रंगीत कागद घालून नऊ महिने झाले: काय टिकलं आणि काय काढून टाकावं लागलं

आमचं मोठं कपाट चौघांत आहे. पाच फळ्या आणि खाली तीन ड्रॉवर. नवरा, मी, पहिलीतला मुलगा आणि सासरे, ज्यांना मी बाबाच म्हणते. नऊ महिन्यांपूर्वी मी या सगळ्या फळ्यांना आणि ड्रॉवरना वेगवेगळ्या रंगांचे कागद घातले. रोज सकाळी कोणाचं तरी काहीतरी सापडायचं नाही, आणि शोधताना खालचा कपडा ओढला की वरच्या घड्या विस्कटायच्या. आज कपाटात जे रंग आहेत त्यांतला पहिल्या दिवशीचा जवळपास एकही उरलेला नाही.

सुरुवातीला मी कपड्यांच्या प्रकारानुसार रंग ठरवले होते. शर्ट एका रंगावर, पँट दुसऱ्या, घरातले कपडे तिसऱ्या, असे सात रंग झाले. दोन आठवड्यांत मला स्वतःलाच आठवेना की नारिंगी कशाचा होता. शिवाय शर्ट हा शर्ट आहे हे बघून कळतंच, त्यासाठी रंगाची गरज नसते. घडी घातलेला पांढरा बनियन बाबांचा की नवऱ्याचा, हे मात्र बघून कळत नाही. म्हणून सगळं काढलं आणि माणसागणिक एक रंग ठेवला. चारच रंग असल्यामुळे कोणाला काही पाठ करावं लागलं नाही. एकत्र कपाट असलेल्या घरात हीच पद्धत चालते असं माझं ठाम मत झालं आहे.

पण कागद घालून कपडे लावले आणि रंग दिसेचना. भरलेल्या फळीवर कागद कपड्यांखाली झाकला जातो, हे तर झालंच. दुसरी गोष्ट मात्र मला आधी सुचलीच नव्हती. फळी डोळ्यांच्या उंचीला किंवा त्याहून वर असेल, तर तिचा वरचा पृष्ठभाग आपल्याला दिसतच नाही, दिसते ती फक्त समोरची कड. माझे डोळे जमिनीपासून साधारण 145 सेंटिमीटरवर आहेत आणि नवऱ्याची फळी 150 वर. त्या फळीवर मी कितीही छान रंग घातला असता तरी मला तो कधीच दिसला नसता.

उपाय सोपा निघाला. कागद फळीपेक्षा पुढे जरा जास्त कापायचा आणि ती पट्टी फळीच्या कडेवरून खाली दुमडायची. आमच्या फळ्या 18 मिलिमीटर जाड आहेत, म्हणून 18 मिलिमीटरच दुमडली. त्याहून जास्त ठेवली की ती खाली लोंबते आणि कपडे काढताना हाताला लागते. कपड्यांच्या घड्याही कडेपासून चार बोटं आत सरकवल्या. फळी 50 सेंटिमीटर खोल आहे आणि शर्टाची घडी 35 ची, त्यामुळे जागा कमी पडली नाही. आता दार उघडलं की चार रंगांच्या चार रेघा आधी दिसतात, कपडे नंतर. सगळ्यांत वरच्या फळीवर पांघरुणं असतात, तिला मी काहीच घातलं नाही. रंग नसणं हीच तिची खूण.

आता बाबांबद्दल सांगते, कारण सगळ्यांत मोठी चूक तिथे झाली. त्यांची फळी कमरेच्या उंचीला आहे आणि मुलाची तिच्या खाली. बाबांना मी मरून रंग दिला होता आणि मुलाला गडद हिरवा. तीन आठवडे त्यांचे रुमाल आणि बनियन सारखे मुलाच्या फळीवर निघत होते. मला वाटलं घाईत होत असेल. एकदा मी त्यांना विचारलं, तर ते म्हणाले, "अगं, दोन्ही फळ्यांना तू एकच रंग घातलायस ना? मला वाटलं, कागद पुरला नसेल म्हणून."

मी तिथेच थांबले. त्यांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही हे घरात कोणालाच माहीत नव्हतं, त्यांनाही नाही. आयुष्यभर ते दोन्हींना तपकिरीच समजत आले होते. हा प्रकार जन्मजात असतो आणि पुरुषांत स्त्रियांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो, त्यामुळे तुमच्या घरातही असा कोणी असू शकतो. त्यात वयानुसार डोळ्याचं भिंग पिवळसर होत जातं, आणि मग गडद निळा आणि काळा हेही सारखे वाटू लागतात.

त्यानंतर मी रंग निवडायची पद्धतच बदलली. रंगांचे तुकडे शेजारी ठेवले आणि मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढला. मरून आणि गडद हिरवा फोटोत अगदी एकाच राखाडी छटेचे आले. म्हणजे त्या दोघांत फरक होता तो फक्त रंगाचा, उजळपणाचा नव्हता, आणि बाबांना जो दिसत नाही तो नेमका हाच फरक. शेजारशेजारच्या फळ्यांचे रंग असे घ्यावेत की एक उजळ आणि एक गडद असेल, किंवा निदान एक पिवळा आणि एक निळा असेल. लाल-हिरव्यात गोंधळ होणाऱ्यांनाही निळा आणि पिवळा सहसा नीट वेगळे दिसतात. आता वरून खाली असा क्रम आहे: नवऱ्याचा पांढरा, माझा मध्यम निळा, बाबांचा भडक पिवळा, मुलाचा गडद निळा. आधी मी फिका पिवळा आणला होता. दिवसा तो छान दिसायचा, पण रात्री पिवळ्या दिव्यात तो आणि पांढरा एकच वाटायचे. रंग निवडताना ते तुकडे कपाटात ठेवून, दार अर्धं उघडून, रात्रीच्या दिव्यात बघा. कपाट वापरलं जातं ते त्याच उजेडात.

कागदाबद्दलही अनुभव कडू आहे. पहिल्या वेळी मी साधे रंगीत कार्डशीट वापरले होते. पावसाळ्यात एक बनियन पुरता वाळला नव्हता, तो तसाच मरून कागदावर ठेवला गेला. चार दिवसांनी उचलला तर घडीच्या खालच्या बाजूला गुलाबी डाग, कडा स्पष्ट, जणू कोणी शिक्का मारला आहे. तीन धुण्यांत डाग फिका झाला, गेला नाही. अशा कागदाचा रंग ओल लागली की सुटतो. आता कोणतंही नवीन शीट आणलं की मी आधी परीक्षा घेते. पांढऱ्या सुती कापडाचा ओला तुकडा पिळून शीटवर ठेवायचा, वर प्लास्टिक, त्यावर जड पुस्तक, आणि रात्रभर तसंच. सकाळी तुकड्यावर जराही रंग दिसला तर ते शीट कपाटात जात नाही.

नंतर मऊ प्लास्टिकची मॅट घातली. रंग सुटला नाही, पण मुलाच्या टीशर्टवरचं रबरी चित्र तिला चिकटलं आणि ओढताना चित्राचा कोपरा निघाला. अशा मऊ प्लास्टिकमध्ये त्याला मऊ ठेवणारं द्रव्य असतं, ते हळूहळू बाहेर येतं आणि रबरी छपाईला धरतं. डांबराच्या गोळ्याही त्यावर थेट ठेवू नका. माझ्याकडे गोळीखालची जागा चिकट होऊन खळगा पडला.

आता जे आहे ते फाइलच्या कव्हरचं असतं तसं कडक, पातळ प्लास्टिक, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. कपडे चिकटत नाहीत, ओल्या फडक्याने पुसता येतं. दुमडायच्या रेषेवर पट्टी धरून सुरीची बोथट बाजू एकदा दाबून फिरवली की सरळ घडी पडते. प्रत्येक फळी वेगळी मोजा. आमच्या एकाच कपाटातल्या दोन फळ्यांच्या रुंदीत चार मिलिमीटरचा फरक निघाला. शीट रुंदीला दोन मिलिमीटर कमी कापा, नाहीतर ते मधे फुगून वर येतं. आणि चिकटवायचं ते फक्त पुढच्या कडेला, दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने. मागची बाजू मोकळी ठेवली की उचलून झाडता येतं. मागे पूर्ण गोंद असलेले स्टिकर मी टाळले, कारण पॉलिश केलेल्या लाकडावरून काढताना पॉलिशही निघू शकतं.

ड्रॉवरमध्ये मात्र माणसागणिक रंगाचा नियम सोडला. तिथे वरून बघतो, तळ दिसतो, आणि वस्तू लहान. तिथे तळाचा रंग कपड्याच्या उलट हवा. गडद मोज्यांच्या ड्रॉवरला पांढरा तळ घातला. आधी काळ्या तळावर काळा मोजा हाताने चाचपून शोधावा लागायचा, आता मोज्याची कड दिसते, शिवाय पांढरा तळ उजेड परत फेकतो म्हणून अख्खा ड्रॉवरच उजळ वाटतो. पांढऱ्या रुमालांच्या ड्रॉवरला गडद निळा. त्यावर धूळ आणि तंतू फार दिसतात, पंधरा दिवसांनी पुसावा लागतो. ड्रॉवरमधलं शीट चारही कोपऱ्यांना चिकटवा. नाही चिकटवलं तर ड्रॉवर ढकलताना ते मागे सरकून गोळा होतं आणि ड्रॉवर पुरता बंद होत नाही.

सगळ्यांत जास्त फायदा शोधताना होईल असं मला वाटलं होतं. तो झाला ठेवताना. शीट कापून उरलेले तुकडे मी टाकले नाहीत. वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला बसते तेव्हा ते चार तुकडे पलंगावर मांडते आणि प्रत्येकाचे कपडे त्याच्या रंगावर रचते. मग जो रिकामा असेल तो ढीग उचलतो आणि त्या रंगाच्या फळीवर नेतो. मुलगा स्वतःचा ढीग स्वतः लावतो. पूर्वी घड्या घालायची मी आणि लावायचीही मीच, कारण कुठे काय जातं हे फक्त मला माहीत असायचं.

हँगरवरच्या कपड्यांना याचा काही उपयोग झाला नाही. नवऱ्याच्या फळीवर एकावर एक पंधरा पँट आहेत, तिथेही नाही. खालची पँट हवी असेल तर अजूनही सगळा ढीग हलतो. त्या उभ्या घड्या घालून ठेवायच्या आहेत.

या महिन्यात बाबांच्या फळीची पुढची पट्टी एका टोकाला सुटली आहे. कपडे काढताना ते तिथेच हात टेकवतात. तेवढी टेप बदलायची आहे, शीट अजून चांगलं आहे.