शोधात नसताना रिक्रूटरचा मेसेज आला: साधा नकार, तारखेचा नकार की कॉल?

एक नेमकी परिस्थिती धरू. पुण्यात बॅकएंडचं काम, सहा वर्षांचा अनुभव, नोटीस पिरियड 90 दिवस. ऑक्टोबरात लिंक्डइनवर बंगळुरूच्या एका कंपनीच्या रिक्रूटरचा मेसेज येतो. काम पेमेंट्सचं, पद सीनियर इंजिनिअरचं. तुम्हाला नोकरी बदलायची नाही, पण ओळख तुटावी असंही वाटत नाही. अशा वेळी तीन उत्तरं शक्य असतात.

साधा नकार म्हणजे "धन्यवाद, सध्या बदलाचा विचार नाही." लिहायला अर्धं मिनिट लागतं आणि गप्प राहण्यापेक्षा हे नक्कीच चांगलं. इनमेल, म्हणजे लिंक्डइनवर कनेक्शन नसलेल्या माणसाला थेट मेसेज, पाठवायला रिक्रूटरचं क्रेडिट खर्च होतं; 90 दिवसांत तुमचं उत्तर आलं, मग ते नकाराचं का असेना, तर क्रेडिट त्याला परत मिळतं. पण पुन्हा कधी आणि कशासाठी विचारायचं, हे या ओळीतून त्याला कळत नाही. कंपनीचं नावही न सांगता शंभर जणांना धाडलेला मेसेज असेल, तर मात्र एवढंच पुरे.

दुसऱ्या टोकाला कॉल. "पंधरा मिनिटं बोलून तर घेऊ" हे निरुपद्रवी वाटतं, पण पहिल्याच कॉलमध्ये सध्याचं सीटीसी, अपेक्षित सीटीसी आणि नोटीस हे तीन प्रश्न येतातच. एकदा सांगितलेला पगाराचा आकडा नोंदीत राहतो आणि वर्षभरानंतरची बोलणी तिथूनच सुरू होतात. मनात नसताना मुलाखतीच्या दोन फेऱ्या देऊन माघार घेतली, तर तीही नोंद राहते. पद तुमच्या आत्ताच्या पदापेक्षा खरोखर वरचं असेल तरच कॉल घ्यावा. आपल्या उदाहरणात तसं नाही.

उरतो तारखेचा नकार. बहुतेकांनी हाच निवडावा, असं आमचं मत. उत्तर इंग्रजीतच जाईल, पण त्याचा आशय असा असावा:

"मेसेजबद्दल धन्यवाद. पेमेंट्सचं काम वाचून उत्सुकता वाटली. सध्याच्या प्रोजेक्टची जबाबदारी मार्चअखेरपर्यंत माझ्याकडे आहे, त्यामुळे आत्ता मुलाखत देणार नाही. एप्रिलनंतर टीम लीडच्या पातळीचं, पुण्यातून करता येईल असं काम निघालं तर जरूर बोलू. माझा नोटीस पिरियड 90 दिवसांचा आहे."

यात कारण कोणतं दिलंय, ते महत्त्वाचं. "मार्चमध्ये बोनस आहे" असं लिहिलं असतं तर रिक्रूटरने लगेच विचारलं असतं, "बोनस आम्ही भरून दिला तर?" जे कारण पैशांनी मिटतं, त्यावर घासाघीस सुरू होते. हातातल्या कामाच्या जबाबदारीवर ती होत नाही. अर्थात कारण खरं हवं. तशी जबाबदारी नसेल तर कारण न देता फक्त तारीख द्यावी. मॅनेजरबद्दलची नाराजी तर लिहूच नये, कारण हा मेसेज पुढे कोणाकडे जाईल ते आपल्या हातात नसतं.

"चांगली संधी असेल तर कळवा" हे वाक्य सगळ्यात जास्त वापरलं जातं आणि तेच सगळ्यात जास्त फसतं. चांगली म्हणजे काय ते न सांगितल्यामुळे रिक्रूटर त्याचा अर्थ होकार असा घेतो आणि दुसऱ्याच दिवशी सीव्ही मागतो. पद, ठिकाण आणि महिना दिला की तो गैरसमज राहत नाही. नोटीस लिहिण्याचं कारणही तेच: एप्रिलमध्ये बोलणं सुरू झालं तरी रुजू होणं जुलैच्या आधी नाही, हे त्याला आधीच कळतं.

मेसेज कंपनीच्या स्वतःच्या रिक्रूटरचा आहे की एजन्सीचा, हेही बघा. एजन्सीला उमेदवार रुजू झाल्यावर कमिशन मिळतं, म्हणून "सीव्ही नुसता ठेवून घेतो" हे तिथे जपून ऐकावं. एजन्सीने तुमचा सीव्ही एखाद्या कंपनीत टाकला की पुढचे काही महिने तुम्ही तिथे त्या एजन्सीचे उमेदवार समजले जाता. मग त्याच कंपनीतल्या मित्राने रेफरल दिलं, तरी सिस्टिम ते डुप्लिकेट म्हणून नाकारू शकते. म्हणून एजन्सीला हेच उत्तर द्या, फक्त एक वाक्य वाढवा: "मला विचारल्याशिवाय माझा सीव्ही कुठेही पाठवू नये."

उत्तर दोन-तीन दिवसांत, स्वतःच्या फोनवरून द्यावं. ऑफिसच्या मेलवरून किंवा लॅपटॉपवरून नको. सोबत कनेक्शनची रिक्वेस्टही पाठवा, कारण रिक्रूटरही नोकऱ्या बदलतात आणि कंपनीचा मेल आयडी तेव्हा बंद होतो. एप्रिलमध्ये त्याच्याकडून काही आलं नाही आणि तुमचं मन बदललेलं असेल, तर त्याच जुन्या संभाषणाखाली लिहा. ऑक्टोबरातलं तुमचं उत्तर वरच दिसत असल्याने नव्याने ओळख करून द्यावी लागत नाही.