कुंडलीचा आकार ठरवताना: बाउल, बकेट, सीसॉ की स्प्लॅश?

जन्मकुंडलीतील ग्रह चक्रावर कसे पसरले आहेत, यावरून तिला एक आकार देण्याची पद्धत अमेरिकन ज्योतिषी मार्क एडमंड जोन्स यांनी १९४१ मध्ये सविस्तर मांडली. त्यांनी एकूण सात आकार सांगितले. परंतु आपल्या कुंडलीला कोणते नाव द्यावे याबाबत अभ्यासकांचा सर्वाधिक गोंधळ बाउल, बकेट आणि सीसॉ या तिघांत होतो, आणि स्प्लॅश हे नाव बहुतेकदा दुसरे काही जुळत नाही म्हणून घाईने दिले जाते. त्यामुळे पुढील तुलना मुख्यतः या चारांपुरती ठेवली आहे.

प्रथम मोजणी कशाची करायची ते ठरवावे. या पद्धतीत रवी, चंद्र आणि बुधापासून प्लूटोपर्यंतचे आठ ग्रह असे दहा बिंदू घेतात. लग्नबिंदू आणि राहू-केतू घेत नाहीत. राहू आणि केतू नेहमी एकमेकांपासून १८० अंशांवर असल्याने त्यांना धरले की कोणतीही रिकामी जागा १८० अंशांहून मोठी होऊच शकत नाही, आणि बाउलची ओळख तर नेमकी त्याच जागेवरून होते. दहाही बिंदूंचे भोगांश शून्य ते ३६० या मापात चढत्या क्रमाने लिहावेत आणि लागोपाठच्या दोन बिंदूंमधले अंतर काढावे. निरयन पद्धतीत सगळ्यांतून एकच अयनांश वजा होत असल्यामुळे ही अंतरे सायन आणि निरयन दोन्हींत सारखीच येतात. म्हणून निरयन कुंडली वापरणाऱ्यालाही हा आकार पाहायला काही अडचण नाही.

दहाही बिंदू १८० अंशांच्या आत मावत असतील, म्हणजेच सर्वांत मोठी रिकामी जागा निदान १८० अंशांची असेल, तर तो बाउल. नऊ बिंदू अर्ध्या चक्रात आणि एकच बिंदू रिकाम्या अर्ध्यात असेल, तर तो बकेट, आणि तो एकटा ग्रह म्हणजे बकेटची कडी. दोन्ही बाजूंना ग्रहांचे गट असून त्यांच्यामध्ये साधारण ६० अंश किंवा त्याहून मोठ्या दोन मोकळ्या जागा असतील, तर सीसॉ. स्प्लॅशमध्ये ग्रह जास्तीत जास्त राशींत विखुरलेले असतात आणि कोठेही मोठी पोकळी राहत नाही. बुध रवीपासून २८ अंशांपलीकडे आणि शुक्र ४८ अंशांपलीकडे जात नसल्याने तीन बिंदू नेहमीच जवळजवळ राहतात. म्हणून खरा स्प्लॅश दिसतो त्यापेक्षा दुर्मीळ आहे, आणि कुंडली नुसती विस्कळीत वाटली म्हणून तिला स्प्लॅश म्हणणे चूक आहे.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. २६ जानेवारी १९९० रोजी अमावास्या होती. त्या दिवशीचे सायन भोगांश सुमारे असे येतात: गुरू ९२, प्लूटो २२८, मंगळ २६७, हर्षल २७७, बुध २८१, नेपच्यून २८३, शनी २८९, शुक्र २९४, आणि रवी-चंद्र दोघेही ३०६. नऊ बिंदू ७८ अंशांत दाटले आहेत आणि गुरू एकटा पलीकडे आहे. या गटाचा मध्य २६७ वर येतो, त्याच्या समोरचा बिंदू ८७ वर, आणि गुरू त्यापासून केवळ पाच अंशांवर आहे. कडी जवळजवळ सरळ उभी असलेली ही पाठ्यपुस्तकी बकेट आहे.

चंद्र दिवसाला सरासरी १३ अंश पुढे सरकतो. त्या महिन्यात तो गटातून बाहेर पडून मेष आणि वृषभ राशींतून जात असतानाही सुमारे ४८ अंशांपर्यंत कुंडली बकेटच राहिली, कारण प्लूटोपासून मोजले तर नऊ बिंदू तोवर १८० अंशांतच मावत होते. २-३ फेब्रुवारीच्या सुमारास त्याने ती सीमा ओलांडली. ८ फेब्रुवारीला चंद्र सुमारे १२० वर होता, गुरू ९१ वर आणि रवी ३१९ वर. त्या वेळच्या दोन मोठ्या मोकळ्या जागा पाहा: रवीपासून गुरूपर्यंत १३२ अंश आणि चंद्रापासून प्लूटोपर्यंत १०८ अंश. आता पलीकडे एक नव्हे, दोन ग्रह आहेत. मोजमापाने ही सीसॉ ठरते. दोन आठवड्यांपूर्वी जन्मलेल्याच्या आणि या कुंडलीच्या बाकीच्या नऊ ग्रहांत फारसा फरक नाही. आकार बदलला तो मुख्यतः चंद्रामुळे.

मधल्या ६ फेब्रुवारीला चंद्र आणि गुरू जवळपास एकाच अंशावर होते, आणि खरा मतभेद येथे होतो. काही अभ्यासक युतीतील दोन ग्रहांना एकच कडी मानून बकेट हेच नाव ठेवतात, तर काही जण बिंदू दोन म्हणून सीसॉ म्हणतात. मला पहिला मार्ग अधिक पटतो, पण युती घट्ट असेल तरच. दोन ग्रहांत २०-२५ अंशांचे अंतर पडले की कडी एकच असल्याचा आग्रह सोडावा.

आता अर्थाकडे वळू. परंपरेनुसार बाउल म्हणजे स्वतःत एकवटलेली, एका ठरावीक क्षेत्राची व्यक्ती, आणि तिच्यात रिकाम्या अर्ध्याची उणीव जाणवते. येथे काठावरचा पुढचा ग्रह, म्हणजे दैनंदिन भ्रमणात गटातला सर्वांत आधी उगवणारा ग्रह, पुढाकार दाखवतो. बकेटमध्ये हीच एकवटलेली ऊर्जा कडीच्या ग्रहातून बाहेर पडते. वरच्या कुंडलीत ती गुरूच्या, म्हणजे शिक्षण, श्रद्धा आणि विस्ताराच्या मार्गाने. सीसॉवाला दोन्ही बाजू तोलूनच निर्णय घेतो आणि त्यामुळे कधी अडकतो. स्प्लॅशवाल्याची आस्था अनेक विषयांत असते, पण ऊर्जा विखुरण्याची भीतीही असते. हे सर्व अर्थ ज्योतिषाच्या परंपरेतले आहेत. मोजमाप मात्र कोणालाही पडताळून पाहता येते, म्हणून निर्णय मोजमापावर ठेवावा आणि अर्थ नंतर लावावा. या चारांत बकेटचे वाचन मला सर्वांत उपयुक्त वाटते, कारण ते एका ग्रहाचे, त्याच्या राशीचे आणि स्थानाचे नाव घेऊन ठोस बोलू देते, तर स्प्लॅशबद्दल आकारावरून फारच थोडे सांगता येते.

एक मर्यादा ध्यानात ठेवावी. १९९० मध्ये शनी, हर्षल आणि नेपच्यून सायन मकर राशीत सुमारे १७ अंशांच्या आत होते, त्यामुळे त्या काळात जन्मलेल्या असंख्य मुलांच्या कुंडल्या दाट गटाच्याच निघतात. आकाराचा हा भाग पिढीचा आहे, व्यक्तीचा नव्हे. व्यक्तीचा ठसा चंद्र, रवी आणि मंगळ कोठे पडतात यावर उमटतो. चंद्र सीमेच्या दोन-तीन अंशांच्या आत असेल, तर जन्मवेळ खात्रीची असल्याशिवाय बकेट की सीसॉ याचा निकाल देऊ नये, कारण तेवढ्या अंतरासाठी त्याला पाच-सहा तास पुरतात.