साचा की साखळी : नवी भाषा रचताना शब्द कसे घडवावेत?

कथेसाठी किंवा निव्वळ आवडीपोटी नवी भाषा रचणाऱ्यांपुढे ध्वनी ठरले की लगेच एक मोठा निर्णय येतो. एका शब्दातून दुसरा शब्द काढायचा कसा? मूळ शब्दाला मागेपुढे तुकडे जोडायचे, की अरबी-हिब्रूसारखी व्यंजने तशीच ठेवून त्यांच्यामधले स्वर बदलायचे? दुसरा मार्ग दिसायला इतका मोहक आहे की बरेच जण फार विचार न करता तो धरतात आणि पंचवीस-तीस शब्दांनंतर अडकतात. म्हणून दोन्ही मार्ग आतून कसे चालतात ते आधी पाहू.

‘तहसीलदारांनी’ हा आपला रोजचा शब्द घ्या. मागून सोलत गेलो की ‘नी’ हा विभक्तिप्रत्यय निघतो, ‘आं’ हे अनेकवचनी सामान्यरूप निघते आणि ‘दार’ हा फारसी प्रत्यय सुटतो. उरते ‘तहसील’. इथवर सगळे साखळीसारखे आहे. एकेक कडी वेगळी काढता येते आणि तिला स्वतःचा अर्थ आहे. ‘तहसील’ मात्र असे सुटत नाही. ते उघडायचे तर त्याच्याशेजारी ‘हासील’ आणि ‘महसूल’ ठेवावे लागतात. तिन्हींत ह-स-ल ही व्यंजने याच क्रमाने आहेत. मिळणे, प्राप्त होणे हा त्यांचा मूळ अर्थ. बाकीचे काम साच्याचे आहे. अरबी वैयाकरण साच्याचे नाव फ-अ-ल ही नमुन्याची व्यंजने घालून सांगतात:

| साचा | ह-स-ल (मिळणे) | अ-ल-म (जाणणे) |
|---|---|---|
| फाइल : करणारा, होणारे | हासील | आलिम |
| मफऊल : केलेले, झालेले | महसूल | मालूम |
| तफईल : करवण्याची क्रिया | तहसील | तालीम |

हासील म्हणजे हाती आलेले, महसूल म्हणजे मिळालेले उत्पन्न, तहसील म्हणजे वसुली. आलिम जाणणारा, मालूम जाणलेले, तालीम शिकवणे. मराठीत येताना अरबीतला घशातला ‘अ’ गळून गेला, म्हणून उजवा रकाना थोडा विसकटलेला दिसतो. साचा तोच आहे.

या दोन मार्गांतला खरा फरक इथे आहे. साखळीत मूळ शब्द स्वतंत्रपणे उच्चारता येतो. तुर्की ‘एव’ म्हणजे घर. ‘एवलेर’ घरे, ‘एवलेरिमिझ’ आमची घरे, ‘एवलेरिमिझदे’ आमच्या घरांत. प्रत्येक पायरीवर ‘एव’ अखंड आहे. ह-स-ल हा नुसता सांगाडा आहे. तो कोणी बोलत नाही, आणि स्वर भरेपर्यंत तो शब्दच होत नाही. संस्कृतातल्या ‘कृ’पासून ‘कर्ता’, ‘कार्य’, ‘कृती’ होतात, तिथेही आतला स्वर बदलतो. पण तिथे धातू उच्चारता येतो आणि शब्दाचा वर्ग बहुतांशी प्रत्यय ठरवतो. त्याला अरबी साच्यासारखे समजू नये.

साचा तुम्हाला काय देतो? थोडक्या जागेत पुष्कळ नाती. अरबीत क्रियापदांचे 10 साचे नेहमीच्या वापरात आहेत, हिब्रूत 7. शब्द फारसा लांबत नाही आणि एकाच मुळातले शब्द कानाला सख्खे वाटतात. साखळीत अर्थ वाढला की शब्दही लांबतो, पण ऐकणाऱ्याला तो डावीकडून उजवीकडे सरळ उलगडता येतो. अनोळखी मुळालाही ‘लेर’ लावलेले त्याला ओळखू येते.

आता अडचणींकडे. नवख्या रचनाकाराची साचा-भाषा बहुतेक वेळा पाढ्यासारखी सरळ असते: तीन व्यंजने घ्या, दहा साच्यांत ओता, दहा शब्द तयार. खरी अरबी अशी वागत नाही. कुठल्या मुळाला कोणते साचे चालतात हे मूळ ठरवते, आणि कितीतरी घरे रिकामी असतात. अनेकवचन तर त्याहून हट्टी आहे. ‘किताब’चे ‘कुतुब’, पण ‘कलम’चे ‘अक्लाम’ आणि ‘मदरसा’चे ‘मदारिस’. कोणते नाम कोणता साचा घेईल हे बरेचदा पाठच करावे लागते.

मुळात ‘व’ किंवा ‘य’ आला की आणखी एक प्रकार घडतो. क-त-ब (लिहिणे) पासून ‘त्याने लिहिले’ म्हणजे ‘कतबा’. त्याच चालीने क-व-ल (बोलणे) पासून ‘कवला’ व्हायला हवे, पण अरबीत आहे ‘काला’. ‘मी बोललो’ म्हणायला ‘कुल्तु’. मधला ‘व’ दोन स्वरांच्या मध्ये टिकला नाही. अशी दुबळी मुळे नेमकी सर्वांत जास्त वापरातल्या शब्दांत असतात. तुमच्या भाषेत एकही दुबळे मूळ नसेल, तर जाणकार वाचकाला ती कागदावर आखलेली भाषा वाटेल.

व्यंजनेही वाटेल तशी निवडता येत नाहीत. अरबीच्या 28 व्यंजनांतून गणिताने 21,952 त्रिकुटे होतात, पण भाषा त्यांतली बहुतेक नाकारते. जोसेफ ग्रीनबर्ग यांनी 1950 साली दाखवले की मुळातली पहिली दोन व्यंजने सहसा एकसारखी नसतात, आणि एकाच उच्चारस्थानाचीही क्वचितच असतात. दुसरे आणि तिसरे मात्र सारखे चालते, उदाहरणार्थ म-द-द. एवढा एक नियम पाळला तरी शब्दसंग्रहाचा पोत बदलतो.

साचा जिवंत आहे की नाही, हे परका शब्द आल्यावर कळते. अरबीत ‘फिल्म’ आला आणि त्याचे ‘अफ्लाम’ झाले. बोलणाऱ्यांनी त्यात फ-ल-म पाहिले आणि ते साच्यात बसवले. उलट प्रवास स्वाहिलीत झाला. तिथे ‘किताब’ गेला तो ‘किताबु’ झाला, आणि स्वाहिलीत ‘कि’ हा नामवर्गाचा उपसर्ग असल्याने अनेकवचन झाले ‘व्हिताबु’. शब्द एकच, पण एका भाषेने त्यात व्यंजने पाहिली तर दुसरीने पुढचा तुकडा. मराठीत तेच शब्द अख्खे आले. ‘तहसील’ला आपण फक्त साखळी लावतो. ह-स-लमधून नवा शब्द घडवणे आपल्याला सुचतही नाही.

मग निवड कशी करावी? माझे मत स्पष्ट आहे: निव्वळ साच्यांची भाषा रचू नका. अरबीतही ‘कतबतु’ (मी लिहिले) मधला ‘तु’ हा सरळ मागे जोडलेला प्रत्यय आहे आणि ‘यक्तुबु’ (तो लिहितो) मधला ‘य’ पुढे जोडलेला. पुरुष, वचन, विभक्ती यांसाठी साखळी ठेवा आणि पाच-सहा साचे शब्दसाधनेपुरते घ्या. शब्दसंग्रह झपाट्याने वाढवायचा असेल, किंवा वाचकाला कोश न उघडता शब्द कळावेत असे वाटत असेल, तर साखळीवरच थांबा.

आणि साचा हवाच असेल, तर तो थेट आखू नका, झिजवून काढा. मराठीत ‘पडणे-पाडणे’, ‘मरणे-मारणे’ या जोड्या पाहा. संस्कृतात ‘पातयति’मध्ये प्रयोजक अर्थ सांगणारा प्रत्यय होता आणि त्याच्याबरोबर आतला स्वरही दीर्घ होता. प्रत्यय झिजून गेला, दीर्घ ‘आ’ राहिला, आणि आज सगळा अर्थ तो एकटा वाहतो. तुम्हीही आधी साखळीची जुनी भाषा लिहा, मग दोन-तीन ध्वनिबदल सगळ्या शब्दांवर निष्ठुरपणे चालवा. शेवटचे स्वर गाळा, आधीच्या स्वरांवर त्यांची छाप राहू द्या. जिथे बदलांमुळे दोन मुळे एकच होतील किंवा एखादे व्यंजन नाहीसे होईल, तिथे दुरुस्ती करू नका. तुमचे ‘काला’ आणि ‘कुल्तु’ तिथेच तयार होतील.